तिहेरी जुळवणी: बिलाची रक्कम सोडण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवठादारांची बिले तपासून ती पेमेंटसाठी पुढे पाठवणाऱ्या लेखा कर्मचाऱ्यांसाठी हे पान आहे. एका ऑर्डरचा सगळा माल एकाच फेरीत आला आणि त्याचे एकच बिल मिळाले, तर जुळवणीत फारसे काही अडत नाही. अडते ते माल हप्त्याहप्त्याने येतो, त्यात काही तूट निघते, काही नग नाकारले जातात आणि मधल्या काळात दरही बदलतो तेव्हा. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे हप्त्याने येणाऱ्या मालाविषयीच आहेत.

तिहेरी जुळवणीत नेमके काय कशाशी ताडून पाहायचे?

परचेस ऑर्डर, गोदामाची मालपावती म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचे बिल हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवायचे असतात, पण तिन्हींना एकच प्रश्न विचारायचा नसतो. काय मागवले आणि कोणत्या दराने, हे ऑर्डर सांगते. प्रत्यक्षात किती आले आणि त्यातले किती स्वीकारले, हे जीआरएन सांगतो. पुरवठादार किती मागतो आहे, हे बिल सांगते. त्यामुळे बिलावरचा दर ऑर्डरशी ताडायचा आणि बिलावरची संख्या जीआरएनशी ताडायची. संख्या ऑर्डरशीही ताडावी लागते, पण ती फक्त मागणीपेक्षा जास्त माल घेतला गेला नाही ना, एवढे पाहण्यासाठी.

ही तपासणी ओळीनुसार करायची असते, बिलाच्या एकूण बेरजेवर नव्हे. एका ओळीत दर जास्त आणि दुसऱ्या ओळीत संख्या कमी असेल, तर बेरीज जुळूनही दोन्ही ओळी चुकीच्या असू शकतात.

माल हप्त्याने आला तर बिलाची तुलना कोणत्या आकड्याशी करायची?

आतापर्यंत स्वीकारलेल्या एकूण मालातून आतापर्यंत बिल झालेला माल वजा केल्यावर जे उरते, त्या आकड्याशी. या उरलेल्या आकड्याला आपण ‘स्वीकारलेला पण बिल न झालेला माल’ म्हणू. नव्या बिलावरची संख्या त्याहून जास्त असेल, तर बिल अडवायचे.

पुष्कळ ठिकाणी ही तुलना ऑर्डरच्या शिल्लक रकमेशी केली जाते आणि ‘ऑर्डरमध्ये अजून जागा आहे’ एवढ्यावर बिल पुढे जाते. ही तिहेरी जुळवणी नव्हे. तिसरा कागद फाइलमध्ये असतो, पण तो कोणी वाचलेला नसतो. आधीच्या बिलांवर मिळालेल्या क्रेडिट नोटांची संख्याही या हिशेबात धरावी लागते, आणि हाताने ठेवलेल्या तक्त्यांमध्ये ती हमखास राहून जाते.

हे एखाद्या उदाहरणाने स्पष्ट होईल का?

एका सुट्या भागाच्या 1000 नगांची ऑर्डर दिली आहे, दर प्रति नग 240, म्हणजे ऑर्डरची रक्कम 2,40,000. कर बाजूला ठेवून फक्त मूळ रक्कम पाहू.

पहिल्या खेपेच्या डिलिव्हरी चलानवर 600 नग लिहिलेले आहेत. गोदामात मोजल्यावर 588 निघाले, म्हणजे 12 नग आलेच नाहीत. गुणवत्ता तपासणीत आणखी 8 नग नाकारले गेले. जीआरएनवर तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिले गेले: चलानप्रमाणे 600, मोजून मिळालेले 588, स्वीकारलेले 580. पुरवठादाराचे बिल मात्र चलानवरून तयार झालेले असते, त्यामुळे ते 600 नगांचे, 1,44,000 चे आले.

ऑर्डरच्या शिलकीशी तुलना केली तर हे बिल सहज बसते, कारण 1000 नगांपैकी 600 चेच बिल आहे आणि दरही बरोबर आहे. जीआरएनशी तुलना केली की 20 नग जास्त दिसतात, म्हणजे 4,800 जास्त मागितलेले दिसतात. बिल होल्डवर जाते. पुरवठादाराकडून 20 नगांची 4,800 ची क्रेडिट नोट आली की देय रक्कम 1,39,200 होते आणि तेवढीच सोडायची असते.

आता ऑर्डरवर 420 नग यायचे बाकी आहेत, 400 नव्हे. दुसऱ्या खेपेत 420 आले, सर्व स्वीकारले गेले आणि 420 नगांचे बिल आले. एकूण स्वीकारलेले 1000, आधी बिल झालेले 600 वजा क्रेडिट नोटेचे 20, म्हणजे 580, आणि उरलेले 420. संख्या जुळली. पण बिलावरचा दर 246 आहे. बिलाची रक्कम 1,03,320 होते, ऑर्डरच्या दराने ती 1,00,800 असायला हवी होती, आणि 2,520 चा फरक पडतो. हे बिलही अडते, पण त्याचे कारण वेगळे आहे आणि ते सोडवणारा माणूसही वेगळा.

तुटीच्या 12 नगांचा आणि नाकारलेल्या 8 नगांचा निकाल एकाच पद्धतीने लावायचा का?

रक्कम अडवण्यापुरते दोन्ही सारखेच आहेत. पुढचा मार्ग मात्र वेगळा आहे. 12 नग आलेच नाहीत, म्हणून प्रश्न पुरवठादाराने ते पाठवले होते का आणि वाहतुकीत कुठे गेले, हा आहे. चलानवर उतरवून घेणाऱ्याची तुटीची नोंद आणि वाहनचालकाची सही नसेल तर तो वाद लांबतो. 8 नग आले आहेत, ते गोदामात वेगळे ठेवलेले आहेत आणि परत पाठवायचे आहेत. त्यांचा परतीचा कागद झाल्याशिवाय क्रेडिट नोट मागण्याला आधार राहत नाही.

खरा धोका पुढे आहे. पुरवठादार दोनपैकी एकच गोष्ट करू शकतो: 20 नगांची क्रेडिट नोट द्यायची, किंवा नवे बिल न करता 20 नग बदली म्हणून पाठवायचे. बदली नग येणार असतील तर पहिले बिल 600 चेच राहते, ते नग येऊन त्यांचा जीआरएन होईपर्यंत 20 नगांची रक्कम अडवून ठेवायची, आणि दुसरे बिल 400 चे यायला हवे. गोंधळ होतो तो पुरवठादाराची विक्री शाखा बदली माल पाठवते आणि त्यांचा लेखा विभाग त्याच मालाचे नवे बिल करतो, तेव्हा. पहिल्या बिलाची रक्कम पूर्ण दिली गेली असेल, तर त्याच 20 नगांसाठी दुसऱ्यांदा पैसे जातात आणि बदली मालाचा जीआरएन खरा असल्यामुळे दुसरे बिल अगदी सरळ जुळते. म्हणून कोणता मार्ग ठरला, हे होल्ड काढताना बिलाच्या नोंदीवरच लिहून ठेवावे. ई-मेलमध्ये शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

दरातला फरक कोणी मान्य करायचा?

खरेदी विभागाने, बिल तपासणाऱ्याने कधीही नाही. बिल तपासणाऱ्याकडे दर ठरवण्याचा अधिकार नसतो आणि तो नसणे त्याच्याही हिताचे असते. वरच्या उदाहरणात खरेदी विभागापुढे दोन मार्ग आहेत. दरवाढ खरोखर ठरली असेल तर ऑर्डरमध्ये रीतसर दुरुस्ती करून, मूळ ऑर्डरला ज्याने मंजुरी दिली त्याच्या पातळीवर ती पुन्हा मंजूर करून घ्यायची. ठरली नसेल तर 2,520 ची क्रेडिट नोट मागायची.

दुरुस्त ऑर्डर समोर आली की तिची तारीख जरूर पाहावी. दरवाढ माल निघण्याआधी ठरली असेल तर दुरुस्ती बिलाच्या आधीची असते. बिल अडल्यावर दोन दिवसांनी ऑर्डरचा दर बिलाइतका केला गेला असेल, तर कागद जुळतात खरे, पण ऑर्डर आता बिलाची प्रत झालेली असते. अशा दुरुस्तीमागचे पत्र किंवा दरकरार मागण्यात संकोच बाळगू नये. संगणक प्रणालीत ऑर्डरच्या बदलांचा इतिहास दिसतो. तो उघडून पाहायला फार वेळ लागत नाही.

टॉलरन्स किती ठेवावा?

टॉलरन्स म्हणजे जेवढ्या फरकापर्यंत बिल आपोआप पुढे जाऊ द्यायचे ती मर्यादा. तिचा कोणताही सर्वमान्य आकडा नाही. फरकाचा पाठपुरावा करायला जेवढा खर्च येतो, त्याहून लहान फरक सोडून द्यावा, एवढाच त्यामागचा विचार आहे. मर्यादा टक्केवारी आणि रक्कम अशा दोन्ही प्रकारे घालून, दोन्हींपैकी जी आधी ओलांडली जाईल ती लागू करावी. नुसती टक्केवारी ठेवली तर मोठ्या बिलावर मोठी रक्कम निसटते, आणि नुसती रक्कम ठेवली तर लहान बिलाचा दर दुप्पट झाला तरी ते अडत नाही.

आपल्या उदाहरणात दराची मर्यादा 2 टक्के असती, तर 240 वर 4.80 पर्यंतचा फरक चालला असता. 6 चा फरक, म्हणजे 2.5 टक्के, अडला. संख्येच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट आहे: मोजून घेता येणाऱ्या नगांसाठी न आलेल्या मालाला टॉलरन्स शून्य असावा. वजनाने किंवा लांबीने येणाऱ्या मालात थोडा फरक स्वाभाविक आहे, तिथे तो ठेवावा.

टॉलरन्समध्ये बसलेले फरकही अधूनमधून एकत्र काढून पाहावेत. खरे फरक दोन्ही बाजूंना पडतात, कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. एखाद्या पुरवठादाराचे बिल प्रत्येक वेळी मर्यादेच्या किंचित आत आणि नेहमी जास्तच येत असेल, तर त्याला मर्यादा माहीत आहे असे समजून खरेदी विभागाला कळवावे.

तिन्ही कागदांवर आकडा एकच आहे, तरी एककामुळे चूक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ही चूक जुळवणीत दिसत नाही. ऑर्डर किलोमध्ये, गोदामाची नोंद पोत्यांमध्ये आणि बिल पुन्हा किलोमध्ये असेल, तर आकडे इतके वेगळे येतात की बिल लगेच अडते आणि चूक सापडते. त्याउलट ऑर्डर 50 खोक्यांची आहे, प्रत्येक खोक्यात 12 नग अपेक्षित आहेत, पण पुरवठादाराने पॅकिंग बदलून 10 नगांची खोकी पाठवली, असे समजा. ऑर्डरवर 50, जीआरएनवर 50, बिलावर 50. सगळे जुळले आणि 600 ऐवजी 500 नगांवर पूर्ण रक्कम गेली. पॅकिंगवर मिळणाऱ्या मालासाठी ऑर्डरच्या ओळीतच ‘12 नगांचे खोके’ असे लिहिलेले असावे आणि गोदामाने निदान एक खोके उघडून मोजावे, याखेरीज यावर उपाय नाही. लेखा विभागाच्या टेबलावरून ही चूक पकडता येत नाही.

तिन्ही कागद अगदी अचूक जुळतात. मग निश्चिंतपणे रक्कम सोडावी ना?

माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जुळवणीला किंमत येते ती तीन कागद तीन वेगळ्या लोकांनी, एकमेकांकडे न पाहता तयार केलेले असतात म्हणून. गोदामाने माल न मोजता चलानवरचा किंवा, त्याहून वाईट, बिलावरचा आकडा जीआरएनमध्ये उतरवला, तर समोर तीन कागद दिसत असले तरी साक्ष दोघांचीच उरते, आणि त्यातली एक पुरवठादाराची स्वतःची.

बहुतेक वेळा यामागे लबाडी नसते. माल दुपारी येतो, उतरवून घेणाऱ्यांची घाई असते, नोंद राहून जाते. पंधरा दिवसांनी बिल येते, जीआरएन नाही म्हणून अडते, लेखा विभाग गोदामाला फोन करतो आणि ‘बिलाची प्रत पाठवा, लगेच करून देतो’ असे उत्तर येते. त्या क्षणी जुळवणी मोडलेली असते. ती प्रत पाठवू नये. फक्त ऑर्डर क्रमांक आणि पुरवठादाराचे नाव कळवावे आणि आकडा त्यांच्या गेट रजिस्टरवरून, चलानवरून व प्रत्यक्ष साठ्यावरून येऊ द्यावा.

असे जीआरएन ओळखण्याच्या काही खुणा आहेत. जीआरएनची नोंद करण्याची वेळ बिल पोहोचल्यानंतरची असते, मात्र त्यावर मालाची तारीख जुनी टाकलेली असते. संदर्भाच्या रकान्यात चलानचा क्रमांक असायला हवा, तिथे बिलाचा क्रमांक असतो. एखाद्या गोदामाच्या महिनोन्महिन्यांच्या नोंदींत एकही तूट किंवा नाकारलेला नग सापडत नाही. हप्त्याने येणाऱ्या मालात हे जवळजवळ अशक्य आहे. वजनाच्या मालात वजनकाट्याची पावती आणि जीआरएन यांचा आकडा वेगळा असतो, पण जीआरएन बिलाशी मात्र दशांशापर्यंत जुळतो. यातली एखादी खूण दिसली म्हणून आरोप करू नये; त्या खेपेची गेट नोंद मागवून ताडून पाहावी.

शक्य असेल तिथे गोदामातल्या मोजणाऱ्याला ऑर्डरमधली संख्या न दाखवता मोजू द्यावे. आकडा समोर नसला की मोजावेच लागते. तसेच ऑर्डर काढणारा, माल घेणारा आणि बिल पुढे पाठवणारा यांपैकी कोणतीही दोन कामे एकाच लॉगिनकडे नसावीत.

एकच बिल दोनदा आले तर जुळवणीत ते अडते का?

स्वीकारलेला सगळा माल आधीच बिल झालेला असेल तर अडते, कारण उरलेला आकडा शून्य असतो. पण पुढची खेप आलेली आणि तिचे बिल यायचे असेल, तर जुन्या बिलाची दुसरी प्रत त्या नव्या मालावर बसू शकते. प्रणाली बिल क्रमांक पुन्हा आला का ते तपासते, पण `INV-0457` आणि `INV457` तिला दोन वेगळी बिले वाटू शकतात. म्हणून क्रमांक बिलावर जसा छापला आहे तसाच, सर्वांनी एकाच पद्धतीने टाकण्याचा नियम असावा. बिलावर चलान क्रमांक असेल तर तो त्या खेपेच्या जीआरएनशी ताडला की हा प्रश्न बहुतांशी उरत नाही. एसएपी वापरणाऱ्यांनी ऑर्डरच्या ओळीत जीआरएन-आधारित बिल तपासणीची खूण लावली, तर बिल विशिष्ट जीआरएनशीच जोडले जाते.

जीआरएन झाला पण बिल नाही, किंवा बिल झाले पण जीआरएन नाही, हे हिशेबात कुठे दिसते?

माल स्वीकारताना साठा नावे होतो आणि एका मधल्या खात्यात तेवढी रक्कम जमा होते. बिल नोंदवताना ते मधले खाते नावे होते आणि पुरवठादाराच्या खात्यात जमा होते. या मधल्या खात्याला बहुतेक ठिकाणी जीआर-आयआर खाते म्हणतात. आपल्या उदाहरणात पहिल्या खेपेनंतर त्यात 1,39,200 जमा आहेत, 600 नगांचे बिल नोंदवल्यावर 1,44,000 नावे पडतात, आणि 4,800 ची नावे बाकी राहते. क्रेडिट नोट आली की बाकी शून्य होते.

म्हणजे या खात्याची ऑर्डरनिहाय यादी ही न सुटलेल्या फरकांची यादीच असते. जमा बाकी असेल तर माल आला पण बिल आले नाही. नावे बाकी असेल तर स्वीकारल्याहून जास्त मालाचे बिल नोंदले गेले. जुन्या नावे बाक्यांकडे आधी पाहावे. एसएपीमध्ये अशा बाक्या `MR11` मधून मिटवता येतात, पण कारण न शोधता वर्षअखेरीस त्या सरसकट मिटवल्या, तर आधी जास्त गेलेली रक्कम परत मागण्याचा शेवटचा पुरावाही पुसला जातो.

सेवेच्या बिलांना जीआरएन नसतो. तिथे काय करायचे?

तिथे सेवा घेणाऱ्या विभागाने दिलेली काम पूर्ण झाल्याची नोंद जीआरएनच्या जागी येते. त्यात ‘काम समाधानकारक’ एवढेच नको. तास, भेटी किंवा टप्पे असा मोजता येणारा आकडा हवा, नाहीतर बिलाची संख्या ताडायला काही उरत नाही.

मुदत संपत आली आहे, पुरवठादार रोज फोन करतो आहे आणि बिल 20 नगांसाठी अडले आहे. काय करावे?

580 नगांची रक्कम अडवून ठेवण्याचे कारण नाही. होल्ड सहसा पूर्ण बिलावर लागतो, त्यामुळे 4,800 च्या वादासाठी 1,39,200 अडून राहतात आणि पुरवठादाराची तक्रार रास्त ठरते. अशा वेळी वादातल्या रकमेची डेबिट नोट काढून किंवा बिल कमी करून नोंदवून, कारण पुरवठादाराला लेखी कळवून, उरलेली रक्कम मुदतीत द्यावी. एसएपीमध्ये `MIRO` मध्ये बिल नोंदवतानाच अशी कपात करता येते. ती केली नसेल आणि बिल अडलेले असेल, तर ते `MRBR` मध्ये दिसते.

होल्ड काढण्याची परवानगी तोंडी घेऊ नये. फोनवर ‘सोडून द्या, माल आला आहे’ असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ जीआरएन व्हायचा बाकी आहे एवढाच घ्यावा आणि तो करून द्यायला सांगावे. तो झाला आणि आकडा जुळला की प्रणाली होल्ड स्वतःच काढू शकते किंवा पुढच्या फेरीत काढते, आणि मग कोणाच्या परवानगीची गरजही राहत नाही.